विभागाचा नफा १६ कोटी, तरीही मूल्यात घट: आर्थिक मूल्यवर्धनाचा हिशोब

एखाद्या मोठ्या कंपनीचे चार-पाच व्यवसाय विभाग असतात आणि वर्षअखेरीस प्रत्येक विभागप्रमुख आपापला नफा संचालक मंडळापुढे मांडतो. त्यात व्याज, घसारा, कर, मुख्य कार्यालयाचा वाटून दिलेला खर्च या सगळ्यांवर चर्चा होते. मात्र त्या विभागात मालकांचे जे भांडवल अडकले आहे त्याची किंमत नफातोटा पत्रकात कुठेही खर्च म्हणून लागत नाही. कर्जावरचे व्याज खर्चात येते, पण भागधारकांच्या पैशाला जणू मोबदलाच द्यावा लागत नाही, असे ते पत्रक धरून चालते. स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात दुकान चालवणारा व्यापारी त्या गाळ्याचे भाडे खर्चात धरत नाही आणि धंदा फायद्यात आहे असे मानतो, तसाच हा प्रकार आहे. गाळा भाड्याने दिला असता तर जे उत्पन्न आले असते ते वजा केल्याशिवाय दुकानाने खरोखर काय कमावले हे कळत नाही.

आर्थिक मूल्यवर्धन, म्हणजे उद्योगक्षेत्रात सर्रास ज्याला ईव्हीए म्हणतात तो आकडा, हीच वजाबाकी करतो. करोत्तर कामकाजी नफ्यातून भांडवलाचा आकार, म्हणजे भांडवल वापरल्याबद्दल लावायची किंमत, वजा केला की तो मिळतो:

आर्थिक मूल्यवर्धन = करोत्तर कामकाजी नफा − (गुंतवलेले भांडवल × भांडवलाचा दर)

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच असे मांडले होते की, भांडवलावरचे चालू दराने होणारे व्याज वजा केल्यावर जे उरते तीच व्यवस्थापनाची कमाई. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार संस्थेने तिला पद्धतशीर रूप दिले आणि ईव्हीए या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून वापर केला. भारतात इन्फोसिस आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनी हा आकडा आपल्या वार्षिक अहवालांत छापला, तर मुंबईच्या गोदरेज समूहाने व्यवस्थापकांचे बदलते वेतन त्याच्याशी जोडले. संपूर्ण कंपनीसाठी हा आकडा काढणे तुलनेने सोपे आहे. खरी परीक्षा विभागाच्या पातळीवर होते, कारण तिथे भांडवल कोणाचे, किती आणि कोणत्या किमतीचे हे ठरवावे लागते, आणि त्या निर्णयांवरच उत्तर अवलंबून असते. म्हणून या लेखात विभागाचाच हिशोब घेतला आहे.

एका विभागाचा हिशोब

समजा, वाहनांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा ओतकाम आणि यंत्रणकाम करणारा विभाग आहे. कंपनी काल्पनिक आहे, पण आकड्यांचे परस्परप्रमाण अशा धंद्यात आढळावे असेच ठेवले आहे. विभागाची वार्षिक विक्री १२० कोटी रुपये आहे. कच्चा माल, मजुरी, वीज, देखभाल आणि कार्यालयीन खर्च मिळून ९६ कोटी आणि घसारा ८ कोटी जातो. म्हणजे व्याज आणि कर यांपूर्वीचा कामकाजी नफा १६ कोटी झाला. कंपनी सवलतीच्या कररचनेत आहे असे धरू. त्या रचनेत अधिभार आणि उपकर धरून कराचा दर २५.१७ टक्क्यांच्या आसपास पडतो. हिशोबासाठी २५ टक्के घेतले तर कर ४ कोटी आणि करोत्तर कामकाजी नफा १२ कोटी उरतो.

हा कर विभागाने प्रत्यक्ष भरलेला कर नाही, हे इथेच लक्षात घेतले पाहिजे. कंपनी व्याजापोटी जी करबचत करते ती या आकड्यात मुद्दाम धरलेली नाही; कर्ज अजिबात नसते तर कामकाजी नफ्यावर जितका कर लागला असता तितकाच इथे धरायचा असतो. त्या करबचतीला कुठे स्थान मिळते, ते थोड्याच वेळात दिसेल.

आता भांडवल. विभागाची इमारत, भट्ट्या, यंत्रे आणि साचे यांची घसारा वजा जाता पुस्तकी किंमत ७० कोटी आहे. मालाचा साठा २४ कोटींचा आहे, ग्राहकांकडून येणे ३० कोटी आहे आणि पुरवठादारांचे देणे १४ कोटी आहे. पुरवठादार थांबतात तोवर त्यांच्या पैशावर विभाग व्याज देत नाही आणि त्या सवलतीची किंमत मालाच्या दरातच आलेली असते, म्हणून ते देणे वजा होते. त्यामुळे खेळते भांडवल ४० कोटी आणि एकूण गुंतवलेले भांडवल ११० कोटी झाले.

भांडवलाचा दर काढताना कंपनीच्या भांडवलात कर्ज आणि भागभांडवल यांचे प्रमाण ३० आणि ७० असे आहे, असे धरू. कर्जावर ९ टक्के व्याज पडते, पण व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होते, म्हणून करोत्तर दर ६.७५ टक्के होतो. व्याजामुळे होणारी करबचत तिच्या जागी आली ती इथे. भागधारकांची अपेक्षा मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसते, ती अंदाजाने ठरवावी लागते. सरकारी रोख्यांवर ७ टक्के मिळत असतील आणि शेअर बाजारातील जोखमीपोटी गुंतवणूकदार त्यावर आणखी ७.२५ टक्के मागत असेल, तर भागभांडवलाची किंमत १४.२५ टक्के होते. दोन्हींची भारित सरासरी काढली, म्हणजे ३० टक्के वजन ६.७५ ला आणि ७० टक्के वजन १४.२५ ला दिले, की नेमके १२ टक्के येतात.

११० कोटींवर १२ टक्के म्हणजे १३.२ कोटी रुपये. करोत्तर कामकाजी नफा १२ कोटी. म्हणजे १६ कोटींचा कामकाजी नफा दाखवणाऱ्या या विभागाचे आर्थिक मूल्यवर्धन उणे १.२ कोटी आहे. विभाग तोट्यात नाही, कर्जदारांचे पैसे सुरक्षित आहेत आणि भागधारकांनाही काही मिळते. पण तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी पैसा ठेवला असता तर जे मिळाले असते त्यापेक्षा हे १.२ कोटींनी कमी आहे, एवढाच या उणे आकड्याचा अर्थ.

व्याज दोनदा लागण्याची चूक

विभागाच्या हिशोबात मुख्य कार्यालय अनेकदा व्याजाचा वाटा टाकते, आणि लेखापाल त्या व्याजानंतरच्या नफ्यापासून सुरुवात करतो. आपल्या उदाहरणात ११० कोटींच्या ३० टक्के म्हणजे ३३ कोटी कर्जावर ९ टक्क्यांनी २.९७ कोटी व्याज होईल. ते वजा केले की करपूर्व नफा १३.०३ कोटी आणि करोत्तर नफा सुमारे ९.७७ कोटी उरतो. आता त्यातून पूर्ण १३.२ कोटींचा आकार वजा केला, तर उत्तर उणे ३.४३ कोटी येते. हे उत्तर चुकीचे आहे, कारण कर्जाची किंमत आधी व्याजाच्या रूपाने आणि मग १२ टक्क्यांच्या दरात अशी दोनदा वजा झाली.

व्याजानंतरच्या नफ्यापासून सुरुवात करायचीच असेल, तर केवळ भागभांडवलाचा आकार लावावा. भागभांडवल ७७ कोटी, त्यावर १४.२५ टक्के म्हणजे सुमारे १०.९७ कोटी, ९.७७ मधून ते वजा केले की पुन्हा उणे १.२ कोटीच मिळतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, आणि म्हणूनच ही जुळणी तपासणीसाठी फार उपयोगी पडते: एका पद्धतीचा आकडा दुसऱ्याशी जुळला नाही, तर कुठेतरी व्याज, कर किंवा भांडवलाची व्याख्या यांत गफलत झाली आहे असे समजावे.

टक्का आणि रक्कम

यावर पुष्कळ जण विचारतात की, भांडवलावरील परताव्याचा टक्का काढला की भागत नाही का? १२ कोटींना ११० कोटींनी भागले की १०.९ टक्के येतात, ते १२ टक्क्यांपेक्षा कमी आहेत, म्हणजे निष्कर्ष तोच निघतो. एका विभागाच्या एका वर्षापुरते हे बरोबर आहे. पण विभागप्रमुखाचे मूल्यमापन टक्क्यावर होऊ लागले की त्याचे निर्णय वेगळ्या दिशेने जातात.

त्याच कंपनीचा दुरुस्ती आणि सेवा देणारा एक छोटा विभाग घ्या. त्याचे भांडवल २० कोटी, करोत्तर कामकाजी नफा ५ कोटी, म्हणजे परतावा २५ टक्के. त्याच्यापुढे १० कोटी गुंतवून दरवर्षी १.८ कोटी करोत्तर नफा देणारा प्रस्ताव आला. १८ टक्के परतावा १२ टक्क्यांच्या दरापेक्षा बराच वर आहे, म्हणून कंपनीच्या दृष्टीने हा प्रस्ताव हवाच. पण तो स्वीकारला तर विभागाचा परतावा २५ वरून सुमारे २२.७ टक्क्यांवर घसरतो आणि टक्क्यावर बोनस मिळवणारा प्रमुख तो नाकारतो. आर्थिक मूल्यवर्धन मात्र २.६ कोटींवरून ३.२ कोटींवर जाते.

ओतकाम विभागात याच्या उलट घडते. तिथे १० कोटींवर ११.५ टक्के परतावा देणारा प्रस्ताव विभागाची सरासरी १०.९ वरून किंचित वर नेतो, म्हणजे टक्क्याने पाहणाऱ्याला सुधारणा दिसते. प्रत्यक्षात भांडवलाच्या दरापेक्षा कमी कमावणारे १० कोटी आणखी अडकतात आणि आर्थिक मूल्यवर्धन ५ लाखांनी घटते. चांगल्या विभागाने वाढ नाकारावी आणि कमकुवत विभागाने वाढ स्वीकारावी, असे टक्का दोघांना एकाच वेळी सुचवतो. माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत भक्कम समर्थन याच दोन उदाहरणांत आहे.

खेळत्या भांडवलाची किंमत दिसू लागते

ओतकाम विभागाच्या १२० कोटींच्या विक्रीवर ३० कोटींचे येणे म्हणजे ग्राहक सरासरी ९१ दिवसांनी पैसे देतात. नफातोटा पत्रकात या उशिराची कुठलीही नोंद नसते. बीजक ३० दिवसांनी वसूल झाले काय किंवा ९१ दिवसांनी झाले काय, विभागाचा कामकाजी नफा १६ कोटीच राहतो. भांडवलाचा आकार लागू झाला की चित्र बदलते. वसुली ६० दिवसांवर आली, तर येणे सुमारे १९.७ कोटींवर उतरते, जवळजवळ १०.३ कोटी रुपये मोकळे होतात आणि त्यावरचा १२ टक्के आकार, म्हणजे १.२३ कोटी, वाचतो. विभागाचे मूल्यवर्धन उणे १.२ कोटींवरून शून्याच्या जेमतेम वर, म्हणजे ३ लाखांवर येते, आणि तेही एकाही भागाची विक्री न वाढवता.

हे झाले प्रामाणिक मार्गाने. पण याच ठिकाणी आकडे सजवण्याच्या वाटाही आहेत. एक म्हणजे बिलवटाव. ग्राहकांची बिले बँकेकडे वटवली की येणे ताळेबंदातून नाहीसे होते. त्याची किंमत वटावखर्च म्हणून वित्तखर्चात जाते, आणि वित्तखर्च कामकाजी नफ्यात धरलाच जात नाही. म्हणजे भांडवल घटले, नफा तसाच राहिला, आणि प्रत्यक्षात काहीही सुधारले नसताना मूल्यवर्धन वाढले. वटवलेली बिले भांडवलात परत मिळवूनच हिशोब करावा, हा त्यावरचा उपाय आहे, आणि विभागाची विक्री स्थिर असताना येणे अचानक घटले आणि कंपनीचा वित्तखर्च मात्र वाढला, तर हेच घडले असल्याची शंका घ्यावी.

दुसरी वाट पुरवठादारांची देणी लांबवण्याची आहे. भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपचे पैसे ३०-४० दिवस जास्त अडकवले की विभागाचे भांडवल कागदावर घटते. पण २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे व्याज वेळच्या वेळी खर्चात धरले नाही, तर आजचे मूल्यवर्धन उद्याच्या देण्यातून उसने घेतलेले असते. तिसरी आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे ३१ मार्चला साठा आणि येणे कमी दिसेल अशी तजवीज करणे. त्यावर उपायही तितकाच सोपा आहे: वर्षअखेरच्या एका दिवसाचे भांडवल न घेता बारा महिन्यांची सरासरी घ्यावी.

जुन्या यंत्रांचा भ्रम

आतापर्यंतच्या चुका सुधारता येण्याजोग्या आहेत. यापुढची अडचण पद्धतीच्या मुळाशीच आहे, आणि विभागाचा आकडा वाचताना सर्वांत जास्त फसगत तिथेच होते, म्हणून तिच्यासाठी थोडा वेळ द्यायला हवा.

विभागाने १० कोटी रुपयांची नवी यंत्रणरेषा घेतली. ती ५ वर्षे चालेल आणि दरवर्षी करानंतर ३ कोटी रुपये रोख देईल. १२ टक्के दराने या पाच हप्त्यांची आजची किंमत सुमारे १०.८१ कोटी होते, म्हणजे १० कोटी वजा जाता प्रकल्प आज ८१ लाख रुपयांचे मूल्य निर्माण करतो. प्रकल्प नक्कीच घेण्याजोगा आहे.

आता तोच प्रकल्प वर्षागणिक पाहू. समान हप्त्यांनी घसारा धरला तर तो वर्षाला २ कोटी आणि करोत्तर नफा दरवर्षी १ कोटी असतो. भांडवल मात्र प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला १०, ८, ६, ४ आणि २ कोटी असे घटत जाते. म्हणून आकार १.२ कोटी, ९६ लाख, ७२ लाख, ४८ लाख आणि २४ लाख असा उतरतो. नफ्यातून तो वजा केला की पहिल्या वर्षी उणे २० लाख, मग ४ लाख, २८ लाख, ५२ लाख आणि शेवटच्या वर्षी ७६ लाख असे मूल्यवर्धन दिसते.

या पाच आकड्यांची आजची किंमत काढली तर ती नेमकी ८१ लाखच येते. ही मोठी जमेची बाजू आहे: घसारा कोणत्याही पद्धतीने धरला तरी, वर्षाच्या सुरुवातीच्या पुस्तकी भांडवलावर आकार लावला असेल, तर आयुष्यभराच्या मूल्यवर्धनाची आजची किंमत प्रकल्पाच्या निव्वळ वर्तमानमूल्याइतकीच असते. पण एका वर्षाचा आकडा मात्र यंत्र किती जुने आहे यावर झुलतो. चांगला प्रकल्प पहिल्या वर्षी मूल्य गमावताना दिसतो, आणि पाचव्या वर्षी तीच यंत्रे, तेच उत्पादन आणि तीच रोख असताना ७६ लाख कमावल्याचे दिसते.

याचे परिणाम माणसांच्या वागण्यात उतरतात. जो विभागप्रमुख वर्ष-दोन वर्षांत बदलीची वाट पाहत आहे, त्याला ही यंत्रणरेषा घेण्यात काहीच रस नसतो. पहिल्या दोन वर्षांत मिळून त्याच्या नावावर उणे १६ लाख लागतात. उलट जुनी, जवळपास पूर्ण घसारा झालेली यंत्रे रेटत राहिला तर त्याचा आकडा दरवर्षी आपोआप सुधारतो. तो सुधारतो म्हणून बोनस मिळतो, आणि देखभालखर्च, तुटफूट आणि नाकारलेल्या मालाचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. ज्या दिवशी यंत्रे बदलावीच लागतात त्या दिवशी पुढचा प्रमुख त्या सगळ्याचा भार उचलतो.

हा भ्रम ओळखण्याची एक साधी खूण आहे. विभागाच्या स्थिर मालमत्तेची मूळ खरेदी किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांचे प्रमाण पाहावे. मूळ किंमत १०० असताना उरलेली किंमत २०-२५ वर आली असेल आणि मूल्यवर्धन वर्षानुवर्षे वाढत असेल, तर त्या वाढीतला किती भाग नफ्यामुळे आणि किती केवळ भांडवल आटल्यामुळे आला हे वेगळे करून पाहिले पाहिजे. विभागाची दोन वर्षांची तुलना करताना भांडवल मागच्या वर्षाइतकेच धरून पुन्हा हिशोब केला, की हा फरक लगेच उघड होतो.

उपायही आहे. घसारा समान हप्त्यांनी न धरता असा धरायचा की घसारा आणि आकार यांची बेरीज दरवर्षी सारखी यावी. घरकर्जाचा हप्ता ज्या गणिताने बसवतात त्याच गणिताने १० कोटींचा पाच वर्षांचा १२ टक्क्यांचा हप्ता सुमारे २.७७ कोटी येतो. दरवर्षी ३ कोटी रोख येत असेल, तर मूल्यवर्धन पाचही वर्षे सारखेच, २२.६ लाख येते, आणि त्याची आजची किंमतही तीच ८१ लाख राहते. वार्षिक हिशोबपत्रकांसाठी ही पद्धत वापरता येत नसली, तरी अंतर्गत मूल्यमापनासाठी तिला काही आडकाठी नाही. विशेषतः मोठी यंत्रे घेणाऱ्या विभागांसाठी हाच मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो. स्टर्न स्टुअर्टच्या यादीत अशा दीडशेहून अधिक संभाव्य दुरुस्त्या होत्या. प्रत्यक्षात मोजक्याच पुरतात, आणि विभागप्रमुखाला स्वतःला समजत नाहीत अशा दुरुस्त्या केल्या तर आकडा त्याच्या वागण्यावर परिणामच करत नाही.

जमिनीचा प्रश्न

जमिनीवर घसारा नसतो, पण तिची पुस्तकी किंमत खरेदीच्या दिवशी गोठते. विभागाचा कारखाना ठाण्यात किंवा विक्रोळीसारख्या ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीवर असेल, तर ती जमीन भांडवलात काही लाखांची दिसेल आणि बाजारात तिची किंमत शेकडो कोटींत असेल. पुस्तकी किमतीने आकार लावला तर तो विभाग अवास्तव फायद्याचा वाटतो. बाजारभावाने लावला तर कितीही चांगले काम केले तरी तिथला प्रमुख उणेच राहतो, आणि जमीन महाग होण्यात त्याचा काहीही हात नसतो.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना दोन वेगळे आकडे हवेत. प्रमुखाचे काम मोजताना पुस्तकी किंमत वापरावी, कारण त्याला ती जमीन मिळाली तेव्हापासून त्याने काय केले हे पाहायचे आहे. कारखाना त्या जागी ठेवावा की हलवावा हे ठरवताना मात्र बाजारभावच धरावा, आणि तो हिशोब विभागप्रमुखाकडे न सोपवता मंडळाने करावा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच आकड्याने देण्याचा प्रयत्न केला, की कुठल्याच प्रश्नाचे उत्तर नीट मिळत नाही.

उणे आकडा आणि विभाग बंद करण्याचा निर्णय

ओतकाम विभागाचे मूल्यवर्धन उणे १.२ कोटी निघाले, म्हणून तो विकून टाकावा असा निष्कर्ष संचालकांच्या बैठकीत फार लवकर निघतो. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. ११० कोटी ही पुस्तकातली रक्कम आहे. ती भट्ट्यांत, साच्यांत आणि पायाभरणीत गुंतून पडली आहे, आणि विकायला काढली तर तितकी मिळेलच असे नाही. समजा खरेदीदार संपूर्ण विभागासाठी करखर्च वजा जाता ८० कोटी देत आहे. मग विभाग चालू ठेवणे म्हणजे ते ८० कोटी तिथेच ठेवणे आहे, आणि त्यावरचा १२ टक्के आकार ९.६ कोटी होतो. घसाऱ्याइतका खर्च जुनी यंत्रे बदलण्यावर होत राहील आणि १२ कोटींचा करोत्तर नफा टिकेल असे धरले, तर विभाग ठेवणे विकण्यापेक्षा दरवर्षी २.४ कोटींनी फायद्याचे आहे. खरेदीदाराने १०० कोटींपेक्षा जास्त देऊ केले, तरच विक्रीकडे झुकावे लागेल, कारण १०० कोटींवर आकार बरोबर १२ कोटी होतो.

उणे आकड्यावरून नव्या पैशाबद्दल मात्र वेगळा निर्णय घ्यावा लागतो. या विभागात आजवर घातलेल्या भांडवलाने ठरलेला दर कमावलेला नाही, म्हणून वाढीच्या प्रत्येक प्रस्तावाने आधी स्वतःच्या रकमेवर १२ टक्के कमावण्याचे पुरावे द्यावेत, आणि ९१ दिवसांची वसुली ६० दिवसांवर आणण्याची योजना त्या सगळ्या प्रस्तावांच्या आधी मंजूर व्हावी, कारण तिला भांडवलच लागत नाही आणि तिच्यातून मोकळे होणारे १०.३ कोटी रुपये ताबडतोब सेवा विभागाच्या १८ टक्क्यांच्या प्रस्तावाकडे वळवता येतात.